पहिला आणि तिसरा रविवार

"पंचेचाळीस मिनिटं," बापू खैरनार म्हणाला. "घड्याळ लावून बसलो होतो मी. पंचेचाळीस मिनिटांत तिनं चार वेळा घड्याळ पाहिलं. हसली दोनदा, त्यातही दुसऱ्यांदा हसली ती वेटरकडे बघून. कळतंय का काही, देवरे?"

ज्योत्स्ना भामरे नुकतीच उठून गेली होती. तिचा चहाचा कप अजून टेबलावर होता. बापू पलीकडच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडून बसला होता, तो आता त्याची घडी घालत माझ्यासमोर, तिच्याच खुर्चीत येऊन बसला.

चाळिशी गाठलेला सरकारी नोकर एका बाईला भेटायला जातो आणि ती कशी वागते हे तपासायला कचेरीतला सहकारी बरोबर घेऊन जातो, यात मला तेव्हा काहीच लाजिरवाणं वाटलं नव्हतं. उलट आपण फार विचारपूर्वक चाललो आहोत असं वाटे. बापू माणसं ओळखण्यात पटाईत आहे असं आमच्या मोजणी कचेरीत सगळे म्हणत. हे सगळ्यांना बापूनंच सांगितलं होतं. वीस वर्षांच्या संसारात त्याची बायको त्याच्याशी दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलत असे, पण बाईच्या मनात काय आहे हे तो तिच्या पर्सच्या पट्ट्यावरून सांगे.

"थंड आहे," त्यानं निकाल दिला. "तुला हातचा म्हणून ठेवलाय. दुसरं कुणी चांगलं मिळालं की चालली."

"मलाही तसंच वाटतं," मी म्हणालो.

ज्योत्स्ना मला भेटली ती धुळ्यातल्याच एका पुनर्विवाह मेळाव्यात. मंगल कार्यालय भाड्यानं घेतलेलं, छातीवर नंबराचे बिल्ले, व्यासपीठावर हार घातलेले आयोजक. एकेकानं माइकवर येऊन नाव, वय, नोकरी, 'पहिल्या लग्नाचं काय झालं' आणि 'अपत्य' एवढं सांगायचं. पुरुष आपल्या पगाराचा आकडा मोठ्यानं सांगत आणि मुलांचा हळू. माझी बाजू भक्कम होती. माझा घटस्फोट होऊन आठ वर्षं झालेली, लग्न चौदाच महिने टिकलेलं, मूलबाळ नाही. दोघांनी मिळून अर्ज केला, ठरलेले महिने थांबलो, दुसऱ्या तारखेला सह्या केल्या आणि दुपारी मी कचेरीत हजर होतो. एवढ्या अनुभवावर मी स्वतःला घटस्फोट या विषयातला जाणकार समजत होतो.

ज्योत्स्ना माइकपाशी आली तेव्हा फिकट निळ्या सुती साडीत होती. म्हणाली, "मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. घटस्फोटाला सात महिने झाले. मला सहा वर्षांची मुलगी आहे, ती माझ्याजवळच राहील. मला घाई नाही."

"घाई नाही तर ताई, आलात कशाला?" आयोजक माइक ओढून म्हणाला आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. ती हसली नाही आणि चिडलीही नाही. हसणं संपेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "बघायला." मग खाली उतरली.

तिचं ते 'बघायला' मला आवडलं होतं. निदान तेव्हा तरी असं वाटलं की ही बाई इतरांसारखी नाही. नंतर पाच महिने मी तिच्यावर याच गोष्टीसाठी चरफडत राहिलो.

भेटायचं म्हटलं की ती महिन्याचा पहिला किंवा तिसरा रविवार सांगे. मधला नाही, शनिवार नाही, सणासुदीचा तर नाहीच. वेळ दुपारी चारची, जागा तीच, बसस्टँडजवळचं हॉटेल, जिथं बायका-मुलं घेऊन लोक येतात. पावणेपाच वाजले की उठायची. माझ्या मोटरसायकलवर कधी बसली नाही, रिक्षानं यायची, रिक्षानं जायची. संध्याकाळी सहा ते साडेनऊ तिला फोन केला तर उचलत नसे. साडेनऊनंतर मेसेज यायचा, 'आत्ता पाहिला. बोला.' त्याला मी 'काही नाही, सहज' असं उत्तर पाठवी आणि मनात म्हणे, चार तासांनी 'बोला'!

मुलीचा फोटो मला दाखवला नव्हता. मी मागितलाही नव्हता. मुलगी आहे हे मला मान्य होतं, आणि मान्य केलं म्हणजे त्या विषयावरचं आपलं काम झालं असं मी धरून चाललो होतो. बापूला मी मोठ्या मनानं सांगत असे, "मुलीचं मला काही नाही." खरोखरच मला तिचं काही नव्हतं.

ज्योत्स्ना प्रश्न मात्र विचारायची. ते सुद्धा चमत्कारिक.

"राग आला की तुम्ही काय करता?"

"मला राग येत नाही."

"असं कसं? परवा मी अर्धा तास उशिरा आले तेव्हा आला होता ना?"

"छे."

"बरं." मग थोड्या वेळानं, "तुमच्या आधीच्या मिसेस आता कुठं असतात?"

"चाळीसगावला. लग्न केलं तिनं. का?"

"नाव काय त्यांचं?"

"उज्ज्वला."

"बोलणं होतं कधी?"

"कशाला होईल?"

ती मान हलवी आणि चहा पिई. मला ते मुलाखतीसारखं वाटे. बापू म्हणे, "बघ, तुझी उणी बाजू शोधते आहे. नाही म्हणायला कारण हवं ना!" आणि मला ते पटे. पाच महिन्यांत आम्ही नऊ वेळा भेटलो होतो. नऊ भेटींत तिनं मला ना घरी बोलावलं, ना 'आवडता' म्हणाली, ना नको म्हणाली. एकदा फक्त, मी मोजणीच्या कामाचं काहीतरी सांगत होतो, गावाची शीव, हद्दीचे दगड असलं, तर ती मध्येच म्हणाली, "हे एकदा नीट सांगा हं मला. मला लक्षात ठेवायचंय." मी विचारलं नाही, कशासाठी. मोठेपणानं सांगत सुटलो.

त्या दिवशी हॉटेलातून बाहेर पडताना बापू म्हणाला, "हे असं किती दिवस? एक घाव दोन तुकडे कर. घरी जा. बाई माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. आणि पोरीला आधी हातात घे. पोरगी 'काका काका' करायला लागली की आई कुठं जाते?"

"तिला न सांगता?"

"सांगितलंस तर ती पुन्हा रविवार देईल तुला."

हे मला फार हुशारीचं वाटलं. पत्ता मेळाव्याच्या छापील यादीत होताच. मधला आठवडा जाऊ दिला आणि त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं देवपुरात तिच्या इमारतीखाली उभे होतो. माझ्या हातात बाहुली होती. सहा वर्षांच्या मुलीच्या छातीपर्यंत येईल एवढी, पारदर्शक खोक्यात उभी केलेली, सोनेरी केसांची. दुकानातली सगळ्यात मोठी मागितली होती मी.

दुसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. बापूनं हाक न मारता ढकललं. आत फरशीवर पालथी पडून एक मुलगी वहीत रंग भरत होती. तिनं वर पाहिलं. आधी बापूकडे, मग माझ्याकडे आणि मग बाहुलीकडे. बाहुलीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"आई गच्चीवर आहे," ती म्हणाली. "कपडे आणायला."

"येऊ दे की निवांत," बापू खुर्चीत बसत म्हणाला. "नाव काय तुझं? गार्गी ना? बघ, काकांनी काय आणलं. आवडली? मग जायचं का काकांच्या घरी राहायला?"

मुलगी उठली. रंगाचे खडू तिनं एकेक करून डबीत भरले, डबीचं झाकण लावलं. कोपऱ्यातलं दप्तर ओढून त्यातली पुस्तकं बाहेर काढून ठेवली. आत गेली आणि एक फ्रॉक, एक चड्डी आणि दात घासायचा ब्रश घेऊन आली. तिन्ही वस्तू दप्तरात घातल्या. मग दाराजवळ बसून पायात सँडल घातल्या, बकल लागेना तर दोन्ही हातांनी दाबून लावलं, आणि दप्तर पाठीवर घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आईला सांगून जायचं का," तिनं विचारलं, "का तसंच?"

बापू खो-खो हसला. "घ्या! पोरगी तुझ्याहून तयार निघाली, देवरे!"

मी हसलो की नाही, मला आठवत नाही. बहुधा हसलो असेन. पण तिचा चेहरा मला आठवतो. त्यावर रडू नव्हतं, भीतीही दिसत नव्हती. बसची वाट पाहणाऱ्या मोठ्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता. ते काय आहे हे मला कळलं नाही, पण काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं, आणि तरीही मी बाहुली धरून तसाच उभा राहिलो.

ज्योत्स्ना जिन्यावरून खाली आली. दोन्ही हातांत वाळलेले कपडे. दारातच थांबली. तिनं आम्हाला पाहिलं, बाहुली पाहिली आणि मुलीच्या पाठीवरचं दप्तर पाहिलं. कपडे खुर्चीवर ठेवून ती मुलीसमोर खाली बसली.

"गार्गी, कुठं जायचं नाहीये."

"बाहुली आणली त्यांनी."

"हो. ती ते परत घेऊन जातील. तू कुठं जात नाहीयेस. मी इथंच आहे."

मुलीनं मान हलवली, पण दप्तर काढलं नाही.

"अहो ताई," बापू उठत म्हणाला, "आम्ही चांगल्या कामासाठी आलो होतो, म्हटलं समोरासमोर एकदाच..."

"हळू बोला," ज्योत्स्ना म्हणाली, "आणि निघा." तिचा आवाज अगदी सपाट होता, एक्स-रे काढताना 'श्वास रोखा' म्हणतात तसा. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

जिना उतरता उतरता बापूचं सुरू झालं. "बघितलंस? पाणीसुद्धा विचारलं नाही. मी म्हणत होतो ना? सुटलास भो तू!" खाली आल्यावर मी म्हणालो, "खरंय." बाहुली आम्ही बापूच्या पुतणीला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी तिसरा रविवार होता. मी चार वाजता हॉटेलात गेलो, का ते मला माहीत नाही. ती आली नाही. मग मी रागावलो. तिला माहीत होता तो राग हाच. माझ्या रागाला आवाज नसतो. मी माणसाला मनातून काढून टाकतो आणि ते त्याला सांगतही नाही. दोन आठवडे मी कचेरीत बापूबरोबर तिची टिंगल करत काढले. 'घाई नाही' म्हणून आम्ही तिचं नावच पाडलं होतं. कुणी फाइल पुढं ढकलली की बापू म्हणे, "भामरेबाई झाली का रे तुझी?" आणि मी सगळ्यात मोठ्यानं हसे.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मेसेज आला. 'उद्या चार वाजता या. एकटे या.'

'एकटे' या शब्दावर मी बराच वेळ अडकलो होतो.

ती आधीच येऊन बसली होती. मी बसल्यावर तिनं पलीकडच्या टेबलाकडे एकदा पाहिलं.

"आज नाही आले तुमचे मित्र?"

"तुम्हाला... कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या भेटीपासून. पाऊण तास एकच पान वाचतात ते." ती शांत होती. "मला वाईट नव्हतं वाटलं. म्हटलं, पोळलेला माणूस आहे. एकट्यानं यायला घाबरत असेल, म्हणून कुणाला तरी आणतो. मीही घाबरतेच. म्हणून काही बोलले नाही. होईल हळूहळू, म्हटलं."

मी सहकाऱ्याला हेरगिरीला आणत होतो, आणि ही बाई त्याला माझी भीती समजून पाच महिने सांभाळून घेत होती.

"ऐका," ती म्हणाली. "रागवायला बोलावलं नाही. एक काम आहे. गार्गीचे वडील पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी तिला नेतात. दहा ते पाच. कोर्टात तसं ठरलंय. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती त्यांच्याकडे होती. तिनं सांगितलं, दोन काका आले, बाहुली आणली, घरी राहायला जायचं का म्हणाले. त्यांनी अर्ज केलाय. मुलीचा ताबा बदलून मिळावा. आई घरी परक्या पुरुषांना येऊ देते, मुलगी असुरक्षित आहे."

"पण हे तर..."

"गेल्या वर्षी खटला चालू होता तेव्हा तिचा काका आणि त्याचा एक मित्र आले होते. मी ड्यूटीवर. शेजारणीकडे होती ती. मोठी बाहुली आणली, चल म्हणाले, आणि घेऊन गेले. अकरा दिवस मला ती दिसली नाही. कोर्टाचा हुकूम आणला तेव्हा मिळाली. अकरा दिवस एकाच फ्रॉकवर होती. तेव्हापासून ती कपडे भरून तयार राहते." ती थांबली. "तुम्ही गेल्यावर तिनं सँडल काढल्या नाहीत. जेवली त्यातच, झोपली त्यातच. मी झोपेत काढायला गेले तर जागी झाली."

वेटर आला. तिनं दोन चहा सांगितले, नेहमीसारखे.

"मला हे काहीच माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं. तुम्ही विचारलंच नाहीत."

"तुम्ही सांगायचं."

"सांगणार होते. पण एवढं सांगायचं तर समोरचा माणूस ऐकायला बसला आहे का, हे आधी बघावं लागतं." तिनं कप हातात धरला. "देवरे, तुम्हाला वाटत होतं ना, की मला रस नाही?"

मी कपाची बशी फिरवत राहिलो.

"महिन्यातले दोन दिवस माझ्याजवळ मुलगी नसते. चौदा तास. त्यात धुणं, आठवड्याचा बाजार, आईकडे चक्कर आणि जमलं तर झोप. त्यातला वेळ मी तुम्हाला देत होते. पाच वाजता मला दारात उभं राहावं लागतं, ती रिकाम्या घरात येता कामा नये. संध्याकाळी सहा ते साडेनऊ मी तिच्यासमोर फोन घेत नाही. माझ्या फोनवर कुणी पुरुष बोलला की ती ऐकत बसते, परत भांडण सुरू होणार म्हणून. मी उज्ज्वलाबाईंनाही फोन केला होता."

"काय?"

"नंबर मिळवला. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, हात उचलणार नाही, दारू नाही, खोटं बोलणार नाही. माणूस वाईट नाही. फक्त विचारत नाही. घरात दुसरं कुणी आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्यावर मी दोन महिने विचार केला. म्हटलं, हे शिकता येतं. वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, कुणाला भेटण्यात काही गैर नाही, पण पक्कं ठरेपर्यंत मुलीला मध्ये आणू नका. दवाखान्यात मुलांना समजून घेणाऱ्या एक बाई येतात, त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, पहिली भेट घरी नको. बाहेर, उघड्यावर, अर्धा तास, ओळखीचे गृहस्थ म्हणून. भेटवस्तू अजिबात नको. तिला वाटलं तर ती बोलेल, नाही तर नाही. पुढच्या महिन्यात बागेत भेटायचं ठरवलं होतं मी. तिला थोडं सांगितलंही होतं. एक काका आहेत, जमीन मोजतात. तर तिला शाळेचं मैदान मोजून हवं होतं. किती मोठं आहे ते. मी तुमच्याकडून ऐकलेलं तिला सांगायची, हद्दीचे दगड वगैरे."

मी चहाकडे बघत होतो. त्यावर साय धरली होती.

"मी थांबले नव्हते," ज्योत्स्ना म्हणाली. "मी येत होते. मला एवढ्याच वेगानं येता येत होतं."

मी विचारलं, "काम काय म्हणालात?"

"वकीलबाईंना तुमचं प्रतिज्ञापत्र हवंय. की तुम्ही न बोलावता आलात, मला माहीत नव्हतं, आधी कधी घरी आला नव्हता. एवढंच, खरं तेच."

इथं मी लगेच हो म्हणायला हवं होतं. जगातला कुठलाही जरा बरा माणूस म्हणाला असता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सरकारी नोकरी आहे हो. कोर्टात नाव जाणार. मला जरा विचार करायला वेळ द्या."

तिच्या चेहऱ्यावर मी तिरस्कार शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं.

"घ्या," ती म्हणाली. "पण कोर्टाची तारीख बावीस दिवसांनी आहे."

पावणेपाच वाजले. ती उठली. मी पाच महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "गार्गी आता कशी आहे?"

"आता बरी आहे," ती म्हणाली आणि रिक्षाकडे गेली.

प्रतिज्ञापत्र मी नऊ दिवसांनी दिलं. नऊ दिवस मला खरं लिहायला लागले. बापूला म्हटलं, तूही दे, दार तू ढकललं होतंस. तो म्हणाला, "वेडा झालास का? माझ्या घरी कळलं तर?" वीस वर्षं जिच्याशी दहा वाक्यांच्या पुढं गेला नाही, त्या बायकोची त्याला तेव्हा आठवण झाली.

गार्गीला न्यायाधीशांच्या खोलीत एकटीला बसवून पुन्हा प्रश्न विचारले गेले. सात महिन्यांनी अर्ज फेटाळला. हे मला वकीलबाईंच्या कारकुनाकडून कळलं. ज्योत्स्नाचा मेसेज आला तो एका ओळीचा, 'कागद उपयोगी पडला. आभार.' मी उत्तरादाखल पुष्कळ काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी विचारलं, 'पुन्हा भेटता येईल का?' त्याच दिवशी उत्तर आलं, त्यासाठी तिनं साडेनऊची वाट पाहिली नाही. 'नाही. तिच्या लक्षात तुमचा चेहरा आहे.'

यानंतर चार वर्षांनी बापूनंच बातमी आणली. ज्योत्स्नानं लग्न केलं होतं, शिरपूरकडच्या एका शाळामास्तराशी. कांतिलाल बाविस्कर नाव. "दोन वर्षं घालवली त्यानं," बापू सांगत होता. "दोन वर्षं! चौदा महिने तर पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं म्हणे. नंतरही बागेत लांबच्या बाकावर बसायचा. असले बुळे पण असतात जगात. काय मिळालं एवढं थांबून?"

कचेरीतले दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही, पण गप्पही बसायला नको होतं.

त्याच वर्षी मला ते तिघं दिसले, पाचकंदिलाच्या बाजारात, भर दुपारी. मुलगी आता अकराची. ती त्या मास्तरवर जोरजोरात ओरडत होती. तो कंपासपेटी आणायला विसरला होता. "मी सांगितलं होतं ना! दोनदा सांगितलं होतं! तुम्ही ऐकतच नाही!" भर रस्त्यात, कमरेवर हात ठेवून. मास्तर कान पकडून उभा होता आणि ती आणखी ओरडत होती. येणारे-जाणारे बघत होते, त्याची तिला काही पर्वा नव्हती.

मला बाजूच्या गल्लीत शिरायचं होतं. पण ज्योत्स्नानं मला पाहिलं. मुलीनंही पाहिलं. चेहरा तिच्या लक्षात राहिला नव्हता, ती परत कंपासपेटीकडे वळली.

"हे देवरे," ज्योत्स्नानं नवऱ्याला सांगितलं. "मोजणी खात्यात असतात."

मास्तरनं नमस्कार केला. साधा माणूस, खिशाला शाईचा डाग. आता 'बरंय' म्हणून निघेल असं मला वाटलं. पण तो निघाला नाही.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" त्यानं विचारलं.

लोक विचारतात तसंच विचारलं त्यानं. मग तो उत्तरासाठी थांबला. मुलगी त्याची बाही ओढत होती, बायको पिशवी या हातातून त्या हातात घेत होती, मागून हातगाडीवाला ओरडत होता, आणि हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, जणू मी काय सांगतो ते त्याला खरंच ऐकायचं होतं.

"कुणी नाही," मी म्हणालो.